फॅमिली प्लॅन थांबला, नवा सदस्य जोडता येईना? गट मोडण्याआधी हे वाचा

यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनबद्दल एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत सारखी येते. प्लॅन दोन-तीन वर्षं सुरळीत चाललेला असतो. मग घरातल्या एखाद्याला ईमेल येतो, की तुम्ही फॅमिली मॅनेजरच्या, म्हणजे ज्याने कुटुंबाचा गट बनवून प्लॅन घेतलाय त्याच्या, घरात राहत नसल्याचं दिसतंय, चौदा दिवसांनी तुमची मेंबरशिप थांबेल. लोक काय करतात? त्या सदस्याला काढतात आणि परत घेतात. तरी जमलं नाही तर सगळा गटच डिलीट करून नवा बनवतात. इथून खरी अडचण सुरू होते, कारण आता निमंत्रण स्वीकारताना संदेश येतो, की या खात्याला सध्या कुठल्याच गटात सामील होता येणार नाही. आधी एकाचा प्लॅन थांबला होता, आता तिघा-चौघांची खाती वर्षभर अडकू शकतात.

माझं सांगणं एवढंच आहे, की गट मोडणं हा उपाय नाही. तो अगदी शेवटचा पर्याय आहे आणि तोही ठरावीक क्रमानेच वापरायचा. असं का, ते समजायला नियम कुठे लागू होतो हे बघावं लागतं. इथे तीन वेगळे नियम एकमेकांत मिसळलेले असतात आणि बहुतेकांना तो एकच नियम वाटतो.

पहिला नियम घराचा. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनमध्ये मॅनेजर धरून सहा जण बसतात आणि सगळ्यांनी मॅनेजरच्याच घरात राहायला हवं अशी अट आहे. दर 30 दिवसांनी याची आपोआप पडताळणी होते. लक्षात घ्या, ही अट यूट्यूबच्या प्लॅनची आहे; हा प्लॅन ज्या गटावर चालतो त्या गूगलच्या फॅमिली ग्रुपची नाही. घर वेगळं दिसलं तर त्या सदस्याचा प्रीमियमचा लाभ थांबतो. तो गटात राहतोच, फक्त त्याला पुन्हा जाहिराती दिसू लागतात. गूगल वनची, म्हणजे फोटो-ईमेलसाठी पैसे भरून घेतलेल्या जादा जागेची, सामायिक साठवणूक याच गटातून जाते आणि तिला एकाच घराची अट नाही. म्हणजे शिकायला दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाचं प्रीमियम थांबलं तरी त्याची साठवणूक चालू राहते. त्याला गटातून काढलं की तीही जाते.

दुसरा नियम देशाचा, आणि तो गटाला लागू होतो. सगळ्या सदस्यांचं खातं मॅनेजरच्याच देशाचं असावं लागतं. इथे सदस्य आज कुठे आहे यापेक्षा त्याच्या खात्यावर कुठला देश नोंदलेला आहे हे महत्त्वाचं.

तिसरा नियम सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो आणि सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट 12 महिन्यांत एकदाच बदलता येतो. ही मर्यादा जागेवर नाही, माणसाच्या खात्यावर आहे. मॅनेजर म्हणतो, ‘एक जण गेला, जागा रिकामी आहे, मग घेत का नाही?’ जागा रिकामी असतेच. अडकलेला असतो तो येणारा माणूस. दुसऱ्या एखाद्याला, ज्याने या वर्षात गट बदललेला नाही, त्याच जागेवर निमंत्रण पाठवलं तर तो बिनबोभाट आत येतो. म्हणून ‘सदस्य किती वेळा बदलता येतात’ हा प्रश्न मॅनेजरच्या बाजूने विचारून उपयोग नाही. तो प्रत्येक सदस्याच्या बाजूने विचारायचा.

आता तुमच्याकडे नेमकं काय बिघडलंय ते ओळखू.

सदस्य आधीपासून गटात आहे, families.google.com वर त्याचं नाव दिसतंय, पण यूट्यूबवर जाहिराती येतायत, तर प्रश्न घराच्या अटीचा आहे किंवा खात्याचा. खात्याचा म्हणजे काय? फोनवर दोन-दोन ईमेल खाती असतात. गटात एक असतं आणि यूट्यूब ॲपमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबलं तर भलतंच निघतं. प्रीमियम त्या एका खात्यालाच मिळतं, फोनला नाही. हे आधी बघा, कारण अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि पुढची सगळी धावपळ वाचते. खातं बरोबर असेल आणि चौदा दिवसांचा ईमेलही आलेला असेल, तर प्रश्न घराचाच.

निमंत्रण उघडताना किंवा स्वीकारताना अडत असेल तर घराच्या अटीकडे बघूच नका. तिथे अजून तिचा संबंध आलेला नाही. कारण देश, बारा महिने किंवा खात्याचा प्रकार यांपैकी एक असतं. खात्याच्या प्रकाराचं उत्तर सरळ आहे: कंपनीने किंवा कॉलेजने दिलेलं वर्कस्पेस खातं फॅमिली ग्रुपमध्ये येऊ शकत नाही. अशा माणसाने स्वतःचं साधं जीमेल खातं वापरायचं. निमंत्रणाची लिंक ब्राउझरमध्ये ऑफिसच्या खात्यात उघडली गेली तरी असंच अडतं, म्हणून आधी ब्राउझरमध्ये कुठलं खातं चालू आहे ते बघा.

देशाचा प्रश्न थोडा खोल आहे. policies.google.com/terms या पानावर लॉग-इन करून गेलं, की वरच्या बाजूला ‘Country version’ दिसतं, म्हणजे गूगलच्या लेखी तुमचं खातं कुठल्या देशाचं आहे ते कळतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्येही देश असतो आणि तो वर्षातून एकदाच बदलता येतो. परदेशातून परतलेल्या माणसाचं खातं बऱ्याचदा अजून जुन्या देशावर असतं. प्ले स्टोअरचा देश बदलण्याचा पर्याय फॅमिली ग्रुपमध्ये असलेल्याला दिसत नाही. त्यामुळे असा माणूस आधीच एखाद्या गटात असेल तर त्याने त्या गटातून बाहेर पडायचं, देश बदलायचा आणि मगच नव्या गटात यायचं. बदल पूर्ण व्हायला 48 तासांपर्यंत लागू शकतात. आधी निमंत्रण स्वीकारून मग देश बघू म्हणणारे हमखास अडकतात.

बारा महिन्यांचं कसं तपासायचं? प्रत्येकाने आपल्या जीमेलमध्ये हे शोधावं:

```
from:google.com family newer_than:13m
```

गेल्या तेरा महिन्यांत गटात आल्याचे किंवा गटातून गेल्याचे जे ईमेल गूगलकडून आले असतील ते यातून सापडतात. सापडलेल्या तारखा एका कागदावर लिहा. कोण कधी आला, कोण कधी गेला. पुढचा सगळा निर्णय या कागदावर अवलंबून आहे.

आता घराची अट. ईमेल आला आणि सदस्य खरंच त्याच घरात राहतो, असंही होतं. तो महिनोन्‌महिने कामानिमित्त बाहेर असेल, किंवा त्याच्या फोनवर व्हीपीएन कायम चालू असेल, तर तो दुसरीकडे राहत असल्यासारखं दिसू शकतं. अशा वेळी व्हीपीएन बंद करा आणि ईमेलमध्ये दिल्याप्रमाणे यूट्यूबच्या मदत विभागाशी संपर्क साधून पात्रता सिद्ध करा. ते चौदा दिवस त्यासाठीच असतात. मुदत संपून लाभ थांबला तरी घाबरू नका. सदस्य गटातच असतो, त्यामुळे पात्रता मान्य झाली की त्याला नव्याने घ्यावं लागत नाही, म्हणजेच त्याचा वर्षातला एक बदल खर्च होत नाही. काढून परत घेण्याचा प्रयोग इथे करूच नका. त्याने घराच्या अटीवर काही परिणाम होत नाही आणि बदल मात्र खर्ची पडू शकतो.

सदस्य खरंच दुसरीकडे राहायला गेला असेल तर मात्र तो या प्लॅनसाठी पात्र नाही, आणि तसं मान्य करून पुढे जाणं बरं. त्याला गटात राहू द्या, साठवणूक वापरू द्या आणि प्रीमियम त्याने स्वतःचं घ्यावं. पत्ता जुळवण्याच्या युक्त्या दर तीस दिवसांच्या पडताळणीत टिकत नाहीत, आणि त्या शिकवण्यात मला रसही नाही.

आता सगळ्यात अवघड प्रसंग, जिथे घर सोडून गेलेला माणूस स्वतः मॅनेजरच असतो. याच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण कुटुंबं इथेच चुकतात.

धरून चालू, की गटात सहा जण आहेत. दादा मॅनेजर. वहिनी, आई, बाबा, ताई आणि चुलतभाऊ हे बाकीचे. सगळे एकाच घरात होते. मग दादाची बदली झाली, तो आणि वहिनी त्याच देशात पण दुसऱ्या शहरात गेले. दोन महिन्यांनी आई, बाबा, ताई आणि चुलतभाऊ यांना ईमेल यायला लागले. सगळ्यांना नवल, की आम्ही तर हललोच नाही! पण प्लॅनच्या लेखी घर म्हणजे मॅनेजरचं घर. दादा जिथे, घर तिथे. म्हणून तो आणि वहिनी पात्र राहिले आणि मूळ घरातली चौघं बाहेरची ठरली.

पहिला विचार येतो तो मॅनेजरपद ताईला देण्याचा. ते देता येत नाही. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये मॅनेजरची जागा दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय नाही. मग दुसरा विचार, की दादाने गट डिलीट करावा आणि ताईने नवा बनवावा. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण एका फटक्यात सहाही जण गटाबाहेर पडतात. सामायिक साठवणूक त्याच क्षणी तुटते. ज्यांच्या खात्यात मोफत 15 जीबीपेक्षा जास्त सामान आहे त्यांचे फोटो वर चढायचे थांबतात, जीमेलमध्ये ईमेल येणं-जाणंही थांबतं. बाबांच्या जीमेलवर बँकेचे ईमेल येत असतील तर ही गंमत नाही. आणि नव्या गटात सामील होताना एखाद्याचं अडलं, तर परतायला जुना गटही उरलेला नसतो.

म्हणून जुना गट जागच्या जागी ठेवून हळूहळू हलायचं.

आधी तो तारखांचा कागद. आई, बाबा आणि ताई दादाच्या गटात तीन वर्षांपासून आहेत आणि त्याआधी कुठल्याच गटात नव्हते. त्यांचा एक बदल शिल्लक आहे. चुलतभाऊ पाच महिन्यांपूर्वी मित्राच्या गटातून इकडे आला, म्हणजे त्याने बदल वापरलेला आहे. त्याला अजून सात महिने थांबावं लागेल. यावर कुठलाही इलाज नाही. मदत विभागाकडे विनवण्या करूनही हा नियम वाकेल असं धरून चालू नका. मग तो जुन्या गटातून बाहेर पडला तर? काहीच मिळणार नाही, उलट साठवणूक जाईल. त्याने आहे तिथेच राहायचं.

मग साठवणूक. आई-बाबांच्या खात्यात किती जागा व्यापली आहे ते one.google.com वर दिसतं. आईचं 6 जीबी असेल तर चिंता नाही. बाबांचं 40 जीबी असेल तर त्यांनी नव्या गटात जाण्याआधी ताईने गूगल वन घेऊन ते गटाला खुलं करणं तरी, नाहीतर बाबांनी फोटो दुसरीकडे उतरवून जागा मोकळी करणं तरी व्हायलाच हवं. हे गट बदलल्यानंतर करू म्हणू नका.

नवा मॅनेजर कोण, याचा निर्णय भावनेवर सोडू नका. तो माणूस त्या घरात कायम राहणारा हवा, वय 18 पूर्ण हवं, त्याच्या खात्याचा देश बाकीच्यांसारखाच हवा आणि पैसे भरण्याची चालू सोय त्याच्याकडे हवी. ताई सहा महिन्यांत दुसरीकडे राहायला जाणार असेल तर तिला मॅनेजर करणं म्हणजे हाच सगळा प्रकार पुन्हा ओढवून घेणं, आणि तेव्हा आई-बाबांचे बदल शिल्लक नसतील. तसं असेल तर आईच मॅनेजर बरी, भले सेटिंगमध्ये तिला कोणाची मदत लागली तरी. आपल्या उदाहरणात ताई घरातच राहणार आहे असं समजू.

आता हलवाहलव. पहिल्यांदा एकट्या ताईने families.google.com वर जाऊन ‘Leave family group’ निवडायचं. बाकी सगळे जागच्या जागी. मग ताईने नवा गट बनवायचा आणि यूट्यूबचा फॅमिली प्लॅन स्वतःच्या खात्यावर घ्यायचा. नवा गट बनवणं हाही बदलच धरला जातो, म्हणून इथे अर्धवट सोडून मागे फिरायचं नाही. प्लॅन चालू झाला, ताईच्या यूट्यूबवर जाहिराती बंद झाल्या, हे डोळ्यांनी बघितल्यावरच आईने जुना गट सोडायचा आणि ताईचं निमंत्रण स्वीकारायचं. आई आत आली आणि तिच्याही फोनवर प्रीमियम दिसलं, की मग बाबांनी. हा एकेकाचा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण त्याचा मोठा फायदा आहे. ताईच्या खात्याचा देश चुकीचा निघाला किंवा पैसे भरताना अडलं, तर अडकते फक्त ती एकटी. आई-बाबांचा बदल शाबूत राहतो आणि दुसरा मार्ग शोधायला वाव उरतो.

निमंत्रण पाठवताना आईचा नेमका ईमेल पत्ता तिच्या फोनवरून बघून घ्या, आठवणीतून टाकू नका. निमंत्रण जुनं होऊन बाद झालं असेल तर नवं पाठवा, त्यात काही खर्ची पडत नाही. बदल धरला जातो तो गटात प्रत्यक्ष सामील झाल्यावर.

इकडे दादा आणि वहिनी जुन्या गटात आहेत, चुलतभाऊही. दोघांसाठी फॅमिली प्लॅन महाग वाटत असेल तर दादाने प्लॅन रद्द करावा, गट नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. यूट्यूबमध्ये ‘Purchases and memberships’ इथून मेंबरशिप रद्द होते, भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत ती चालतेही. त्यानंतर फॅमिली ग्रुप तसाच राहतो आणि दादाने घेतलेली गूगल वनची साठवणूक वहिनीला आणि चुलतभावाला मिळत राहते. ‘Delete family group’ मात्र सगळंच तोडतं. हे बटण या सगळ्या प्रक्रियेत एकदाही दाबावं लागत नाही.

घरात लहान मुलाचं देखरेखीखालचं खातं असेल तर आणखी काळजी घ्या. ते मूल स्वतः गट सोडू शकत नाही. त्याच्या खात्याचं काय करायचं हे पालकाने आधी ठरवायचं, त्यासाठी गूगलच्या फॅमिली लिंकची मदत वाचायची आणि मगच पालकाने स्वतः हलायचं.

बाकी सेवांचं थोडक्यात. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्येही सहा जण आणि एकच घर, पण तिथे सदस्याला निमंत्रण स्वीकारताना पत्ता भरावा लागतो आणि तो मॅनेजरच्या पत्त्याशी जुळावा लागतो. खऱ्या घरातली माणसंही इथे नापास होतात, कारण एकाने इमारतीचं नाव आधी लिहिलेलं असतं, दुसऱ्याने रस्त्याचं. मॅनेजरकडून पत्ता जसाच्या तसा मागून घ्या आणि खाली सुचवलेल्या यादीतून तोच निवडा. दुसऱ्या फॅमिली प्लॅनमध्ये जाणं तिथेही 12 महिन्यांत एकदाच. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जण असतात, घराच्या पत्त्याची अशी पडताळणी नाही, पण ॲप स्टोअरचा देश एकच लागतो आणि दुसऱ्या कुटुंबात वर्षातून एकदाच जाता येतं. म्हणजे कागदावर तारखा लिहिण्याचं काम तिन्हीकडे लागू पडतं, पण प्रत्येक सेवेसाठी वेगळं. गूगलमध्ये बदल वापरला म्हणून स्पॉटिफायमधला संपत नाही.

राहिला चुलतभाऊ. दादाच्या गटात त्याला प्रीमियम मिळणार नाही, कारण तो दादाच्या घरी राहत नाही. दादाने फॅमिली प्लॅन रद्द केल्यावर त्याने हवं तर स्वतःचा एकट्याचा प्लॅन घ्यावा. इकडे ताईने तिच्या गटातली एक जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायची आणि तो दादाच्या गटात ज्या तारखेला आला होता, पुढच्या वर्षीची तीच तारीख दोघांनी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायची. त्या तारखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने जुना गट सोडून ताईचं निमंत्रण स्वीकारावं, आणि स्वतःचा प्लॅन घेतला असेल तर त्याचं पुढचं नूतनीकरण आधीच थांबवावं, म्हणजे एकाच महिन्याचे दोनदा पैसे जाणार नाहीत.